षड्जावर यायला लागलेली पाच मिनिटे

श्रोतेहो, नमस्कार. गेल्या शनिवारी आमच्या शाळेच्या वाद्यवृंदाचा पहिला कार्यक्रम झाला आणि त्यानिमित्त विद्यार्थ्यांचे व पालकांचे आभार मानायला मी आज आपल्यासमोर आलो आहे. 6 बासऱ्या, 8 व्हायोलिन, 2 हार्मोनियम आणि तबल्याची एक जोडी, एवढाच आमचा संसार. आम्ही राग भूप निवडला होता. त्यात मध्यम आणि निषाद नाहीत. पाचच स्वर सांभाळायचे असल्याने नवशिक्या बोटांना तो झेपतो.

सगळा सराव बंद वर्गात झाला होता. कार्यक्रम मात्र कडाक्याच्या थंडीत, उघड्या मैदानावर होता आणि भाषणे लांबल्यामुळे मुले पाऊण तास पडद्यामागे बसून राहिली. आमचे पाहुणे थोडक्यात बोलायला कधी शिकणार, कोण जाणे! पडदा उघडण्यापूर्वी मी हार्मोनियमवर षड्ज धरायला सांगितला आणि बासऱ्यांनी तोच स्वर लावला, तेव्हा आवाज थरथरू लागला. दोन स्वर जवळजवळ असूनही एक नसले, की आवाज लाटेसारखा फुगतो आणि ओसरतो. स्वर जुळत आले की लाटा मंदावतात, आणि पुरते जुळले की थांबतात. आमच्या लाटा थांबत नव्हत्या, कारण बासऱ्या उतरल्या होत्या.

बासरीत गाते ती नळीतली हवा, आणि हवा गार झाली की स्वर उतरतो. हार्मोनियमचे धातूचे रीड मात्र जवळजवळ जागचे हलत नाहीत. व्हायोलिनची खुंटी पिळता येते, तबल्याचे गठ्ठे हातोडीने ठोकता येतात, पण बासरीला खुंटी नाही. एका मुलाने जोराने फुंकून स्वर चढवायचा प्रयत्न केला, तर त्याची बासरी थेट वरच्या सप्तकात किंचाळली.

तेवढ्यात आठवीतल्या एका मुलीने आपली बासरी स्वेटरच्या आत घातली. ते पाहून एका विद्यार्थ्याच्या आईने अंगावरची शाल काढून दिली आणि उरलेल्या पाचही बासऱ्या तिच्यात गुंडाळल्या गेल्या. मग प्रत्येकाने आपापल्या बासरीची सगळी भोके बोटांनी बंद केली आणि आवाज न काढता तिच्यात सावकाश उबदार श्वास सोडला. पाचेक मिनिटांनी आम्ही पुन्हा षड्ज लावला. लाटा मंदावल्या आणि थांबल्या. स्वर जुळवताना हल्ली सगळे मोबाइलचा काटा पाहतात, मला ते रुचत नाही. त्या रात्री मुलांनी कानांनीच ओळखले.

विद्यार्थ्यांनो, त्या पाच मिनिटांसाठी मी तुमचा ऋणी आहे. पालकहो, महिनोन्‌महिने घरात तोच षड्ज ऐकून घेतल्याबद्दल तुमचेही मनःपूर्वक आभार. आणि ती शाल अजून संगीताच्या वर्गात खुंटीला टांगलेली आहे. ज्यांची असेल त्यांनी कृपया घेऊन जावी.