उच्चीचा गुरु, पण कुणाच्या नक्षत्रात?

(ज्योतिषप्रेमींच्या एका मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आजचा विषय फळ्यावर लिहिलेला आहेच. ग्रह ज्या नक्षत्रात आहे, त्या नक्षत्राचा स्वामी पत्रिकेत कुठे बसलाय, ते पाहून त्या ग्रहाचं फळ कसं नेमकं करायचं. तुम्ही सगळे जाणते आहात, म्हणून सत्तावीस नक्षत्रं, विंशोत्तरीचा क्रम, अश्विनीचा केतू, भरणीचा शुक्र हे म्हणत बसत नाही. ज्यांना पाठ नाही त्यांनी शेजारच्याच्या वहीत बघावं. शाळेत आपण हेच केलं.

आधी एक तक्रार सांगून घेतो. ती सांगितल्याशिवाय मला पुढे सरकताच येत नाही.

मोबाइलवर फोटो येतो. त्यात जुन्या पत्रिकेचं एक पान, कडेला हळदीचा डाग, मधे कुंडलीचा चौकोन. चौकोनात ग्रहांची आद्याक्षरं. खाली जन्मनक्षत्र, चरण, गण, नाडी, योनी, सगळं साग्रसंगीत. अंश मात्र एकाही ग्रहाचे नाहीत! आणि वर मजकूर येतो, ‘सर, गुरु उच्चीचा आहे ना? मग अडलंय कुठे?’ आता कर्क राशीत गुरु आहे म्हणजे तो पुनर्वसूच्या शेवटच्या चरणात असेल, पुष्यात असेल किंवा आश्लेषात असेल. म्हणजे नक्षत्रस्वामी एक तर गुरु स्वतः, नाही तर शनी, नाही तर बुध. ही तीन निरनिराळी माणसं आहेत, आणि पत्रिका म्हणते ‘गु’. मी विचारतो, स्पष्टग्रह आहेत का? उत्तर येतं, ‘ते काय असतं?’ मग जन्मवेळ मागावी तर ‘आई म्हणते दिवेलागणीच्या जरा आधी.’ परवा एका मामांनी तर मला ऐकवलं, की आमच्या गुरुजींनी अंश न बघता तीन लग्नं जमवली. म्हटलं, मामा, त्यांना मुहूर्तही तसेच काढू द्या. (हशा)

पत्रिका करून देणाऱ्यांनी एक ओळ जास्तीची लिहिली असती, तर निम्मं काम सोपं झालं असतं. जन्मवर्षाचं जुनं पंचांग हाताशी असेल तर मार्ग निघतो. गुरु, शनी हे सावकाश चालणारे ग्रह. त्यांनी कोणत्या तारखेला कोणत्या नक्षत्रात प्रवेश केला, ते पंचांगात मिळतं. जन्मवेळ दोन-चार तासांनी इकडेतिकडे असली, तरी गुरूचं नक्षत्र सहसा बदलत नाही. लग्न मात्र बदलतं, आणि लग्न बदललं की स्थानं बदलतात. ते पुढे येईलच.

तर हा उच्चीचा गुरु. तुम्ही परमोच्चाचे अंश पाठ केलेत, पण ते अंश कोणत्या नक्षत्रात पडतात हे कधी ताडून पाहिलंय का? गुरूचा परमोच्च कर्केच्या पाचव्या अंशावर. पुष्य नक्षत्र कर्केच्या ३ अंश २० कलांपासून १६ अंश ४० कलांपर्यंत. म्हणजे गुरु बळाच्या ऐन शिखरावर असतो तेव्हा शनीच्या नक्षत्रात असतो. रवी मेषेच्या दहाव्या अंशावर, अश्विनीत, केतूकडे. बुध कन्येच्या पंधराव्या अंशावर, हस्तात, चंद्राकडे. शुक्र मीनेच्या सत्ताविसाव्या अंशावर, रेवतीत, बुधाकडे. शनीची तर गंमतच आहे. तुळेचा विसावा अंश म्हणजे नेमका स्वाती आणि विशाखा यांचा सांधा, एका बाजूला राहू, दुसऱ्या बाजूला गुरु. स्वतःच्याच नक्षत्रात परमोच्च होणारा एकच, मंगळ, मकरेच्या अठ्ठाविसाव्या अंशावर, धनिष्ठेत. बाकी सगळे बलवान पाहुणे दुसऱ्याच्या घरी. म्हणून ‘उच्चीचा आहे ना’ या प्रश्नाला माझं उत्तर नेहमी एकच असतं, ‘आहे. पण कुणाच्या नक्षत्रात, आणि तो कुठे आहे?’

(इथे संयोजकांकडून चिठ्ठी आली.) वीस मिनिटं उरलीत म्हणतात. ठीक आहे, एक पत्रिका घेतो.

जन्म १९९० च्या ऑगस्टच्या मध्याचा, संध्याकाळी सहाच्या सुमाराचा, मुलीची पत्रिका. मकर लग्न. गुरु कर्केत सहाव्या अंशाच्या आसपास, म्हणजे सप्तमात उच्चीचा आणि पुष्यात. शनी धनूत, म्हणजे व्ययस्थानात. राशीवरून वाचणाऱ्यांनी सांगून ठेवलं होतं, सप्तमात उच्चीचा गुरु, उत्तम स्थळ, सज्जन नवरा, सासर-माहेर हाकेच्या अंतरावर. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या झाल्या. तिसरी कुठून आणली, ते त्यांनाच माहीत.

आता आपल्या पद्धतीनं वाचू. गुरु सप्तमात आहे, म्हणून तो विवाहाची, जोडीदाराची गोष्ट देणार. उच्चीचा आहे, म्हणून जोडीदाराचा दर्जा चांगला. ही झाली ग्रहाची बाजू. तो ज्याच्या नक्षत्रात आहे तो शनी व्ययात आहे, म्हणून ही विवाहाची गोष्ट व्ययस्थानाच्या वाटेनं घडणार. घरापासून लांब, परदेश, सोडून जाणं, खर्च. शिवाय मकर लग्नाला शनी हा लग्नेश आणि धनेश. लग्नेश व्ययात म्हणजे ती स्वतः आपलं ठिकाण सोडते. धनेश व्ययात म्हणजे तिच्या मिळकतीला तिथे गळती लागते. तिला शनीची महादशा चालू होती आणि तिच्यातली शेवटची अंतर्दशा गुरूची, दोन वर्षं सहा महिने बारा दिवसांची, ऐन लग्नाच्या वयात आली. त्या काळात लग्न झालं. नवरा खरोखर चांगला, नोकरीसाठी परदेशात. तीही तिकडे गेली आणि इथली चालती नोकरी सुटली. काही काळ तिला तिथे काम करण्याची परवानगी नव्हती. संसार सुखाचा, पण स्वतःचा पैसा शून्य. ती माझ्याकडे आली ते ‘लग्न चुकलं का?’ विचारायला नाही, ‘माझी कमाई कधी सुरू होईल?’ विचारायला. हा फरक ऐका. गुरूनं दिलेलं चांगलंच होतं. ते कुठल्या मार्गानं पोचलं, तेवढं शनीच्या स्थानानं सांगितलं.

इथे पुष्कळजण घसरतात. ‘शनीचं नक्षत्र’ म्हटलं की लगेच ‘उशीर, अडथळा’ म्हणून मोकळे होतात. तो शनीचा स्वभाव झाला, आणि या पद्धतीचा मुख्य प्रश्न स्वभावाचा नाही. शनी कुठे बसलाय आणि कोणत्या स्थानांचा स्वामी आहे, हा प्रश्न आहे. कसा ते बघा. समजा, त्याच दिवशी रात्री अकराला मेष लग्नावर एक मुलगा जन्मला. गुरूची रास तीच, नक्षत्र तेच, शनीही धनूतच. पण गुरु आता चतुर्थात, म्हणजे घर, आई, जमीनजुमला. शनी नवमात, आणि तो दशमेश व लाभेश. घराची गोष्ट नवमाच्या वाटेनं घडणार, तीही नोकरी आणि मिळकत यांच्या स्वामीकडून. मी म्हणेन, नोकरीसाठी जन्मगाव सोडून दूर जाईल आणि घर तिथे करेल, किंवा वडिलांच्या निमित्तानं वास्तू मिळेल. गळतीची भाषा इथे कुठेच नाही. पाच तासांत शनीचा स्वभाव थोडाच बदलला? स्थान बदललं.

(दुसरी चिठ्ठी.) हो हो, आवरतो. खरं तर जे सांगायला आलो होतो ते आत्ता सुरू होतंय.

ही दृष्टी पद्धतशीर मांडली ती मद्रासच्या के. एस. कृष्णमूर्तींनी. त्यांचं सूत्र साधारण असं की ग्रह हा फळाचा स्रोत, नक्षत्रस्वामी फळाचं स्वरूप सांगतो, आणि उपनक्षत्रस्वामी ते फळ अनुकूल की प्रतिकूल ते ठरवतो. आपल्याकडे केपीवाले उपनक्षत्रावर इतके तुटून पडतात की मधली पायरी राहूनच जाते. मी उपनक्षत्राकडे शेवटी जातो, आणि जन्मवेळ मिनिटांनी पक्की नसेल तर लग्नाच्या किंवा भावारंभांच्या उपनक्षत्राकडे जातच नाही.

आता भराभर. ग्रह स्वतःच्याच नक्षत्रात असेल, तर तो बसलेल्या स्थानाचं फळ थेट देतो, वाट वाकडी होत नाही. नक्षत्रस्वामी राहू किंवा केतू असेल, तर राहू-केतू ज्या राशीत आहेत तिचा स्वामी आणि त्यांच्याबरोबर बसलेला ग्रह पाहा, कारण त्यांना स्वतःची स्थानं नाहीत. दोन ग्रह एकमेकांच्या नक्षत्रात असतील, तर दोन्ही स्थानं एकत्र वाचा. आणि साखळी लांबवू नका. गुरूचा नक्षत्रस्वामी शनी, शनीचा शुक्र, शुक्राचा आणखी कोणी, असं करत गेलात तर अख्खी पत्रिका फिरून याल आणि हवं ते सिद्ध कराल. एक पायरी पुरे.

अयनांश तपासा. दाते पंचांग चित्रापक्षाचं, टिळक पंचांग रैवतपक्षाचं. दोघांत सुमारे चार अंशांचा फरक पडतो. चित्रापक्षात कर्केच्या चौदाव्या अंशावरचा गुरु पुष्यात, तोच रैवतपक्षात अठराव्या अंशाच्या आसपास जाऊन आश्लेषात. स्वामी शनीचा बुध झाला! म्हणून पक्ष एकच धरा आणि तो पत्रिकेवर लिहा. लाहिरी आणि कृष्णमूर्ती अयनांशांत जेमतेम सहा कलांचा फरक आहे, तो फक्त नक्षत्राच्या सांध्यावरच्या ग्रहाला नडतो. तिथे दोन्ही स्वामी कागदावर मांडा आणि घडून गेलेल्या दशेवरून कोणता जुळतो ते बघा.

शेवटचं, आणि हे काहींना आवडणार नाही. पुण्यात २००८ मध्ये जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी ज्योतिषांची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका नुसत्या कुंडलीवरून वेगळ्या करायच्या होत्या. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी यश शेकडा ४६. नाणं उडवलं असतं तरी तेवढं जमलं असतं. ‘त्यांना पद्धत कळली नाही’ असं म्हणून आपण सुटू शकत नाही. नक्षत्रस्वामीची पद्धत तर मागून जुळवायला फारच सोयीची आहे. आत्ता मी सांगितलेली मुलीची पत्रिकाही घटना घडून गेल्यावरच माझ्यापुढे आली होती, त्यामुळे तिनं उदाहरण समजतं, पुरावा होत नाही. म्हणून जातकाला काही विचारण्याआधी ग्रह, त्याचा नक्षत्रस्वामी, त्याचं स्थान आणि तुमचं वाक्य वहीत तारखेसह लिहा. मग विचारा. चुकलेली पानं फाडायची नाहीत.

पुढच्या सभेला दहा-दहा पत्रिका आणा, स्पष्टग्रहांसकट. नुसत्या चौकोनाचा फोटो पाठवलात, तर मामांचा नंबर देईन.