एकाच होल्डरमधला बल्ब पुन्हा पुन्हा का उडतो?

नमस्कार मंडळी. विषय तुम्हाला बोर्डावर दिसतोच आहे, हाय व्होल्टेजपासून ढिल्या कॅपपर्यंत. पण मी उलट्या टोकाने सुरू करणार आहे. कारण बल्ब उडाला की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं, "लाईट जास्त येतीये हो आमच्याकडे." आयटीआयमध्ये पोरांना वायरिंग शिकवण्यात माझा जन्म गेला, आणि त्या सगळ्या पोरांना मी पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न विचारायचो, तोच तुम्हाला विचारतो. घरात दहा पॉईंट आहेत, दहाही एकाच मीटरवर, आणि बल्ब एकाच पॉईंटचा उडतोय. व्होल्टेज जास्त असेल तर ते बाकीच्या नऊ जणांना का सोडतंय?

बास, आज मला सांगायचंय ते एवढंच आहे. एकच जागा बल्ब खात असेल तर आधी ती जागा बघा, व्होल्टेज नंतर.

पण त्याआधीही एक हिशोब करा, कारण पुष्कळदा दोष नसतोच. जुना तारेचा बल्ब, तो साधारण १००० तास चालावा अशा बेताने बनवलेला असतो. जिन्यात तो संध्याकाळी सहाला लावून सकाळी सहाला बंद करत असाल तर रोजचे १२ तास झाले, म्हणजे ८३ दिवसांत त्याचं आयुष्य संपलं. देवघरात तोच बल्ब रोज तासभर लागतो म्हणून तो तीन वर्षं टिकतो आणि मग जिन्यातला 'सारखा उडतो' असं वाटतं. एलईडीचं तसं नाही, त्याच्या खोक्यावर २५,००० तास लिहिलेलं असतं, म्हणजे रोज १२ तास धरले तरी पाच वर्षांच्या वर. तेव्हा एलईडी तीन-चार महिन्यांत जातोय आणि परत त्याच जागी जातोय म्हटल्यावर मात्र कारण शोधलंच पाहिजे. आणि इथे एक गोष्ट मला फार खटकते. दुकानदार गॅरंटीत बल्ब बदलून देतो, आपल्याला फुकटात नवा मिळतो, त्यामुळे कुणी वर चढून होल्डर बघतच नाही. बल्ब बदलत राहतात आणि तिकडे होल्डर भाजत राहतो.

आता एका सोसायटीची गोष्ट सांगतो. चार मजली बिल्डिंग, जिन्यातले सगळे दिवे कॉमन मीटरवर, एकाच बटणावर. तिसऱ्या मजल्याचा दिवा सारखा जायचा. कमिटीने व्होल्टेज जास्त असं ठरवून टाकलं होतं आणि कॉमन लाईनला स्टॅबिलायझर बसवायचं कोटेशनसुद्धा आलं होतं. मी म्हटलं थांबा, एकाच खोक्यातले दोन नवे बल्ब आणा, एक दुसऱ्या मजल्यावर लावा, एक तिसऱ्यावर, आणि तारीख बल्बवरच पेनाने लिहा. तिसऱ्याचा गेला, दुसऱ्याचा चालू. लाईन तीच, तास तेवढेच, बल्बही त्याच खोक्यातला, फरक काय उरला तर फक्त जागेचा. या परीक्षेला खर्च किती, तर दोन बल्ब. पण लोक ती करत नाहीत आणि थेट हजारोंच्या वस्तूवर जातात.

मग वर चढलो. आता हे नीट ऐका, नुसतं बटण बंद करून होल्डरला हात लावायचा नाही. कित्येक जुन्या घरांत बटण न्यूट्रलवर घेतलेलं असतं, म्हणजे बटण बंद असलं तरी होल्डरमध्ये फेज हजर. टेस्टर आधी चालू प्लगवर लावून तो पेटतो याची खात्री करून घ्यायची, मग मेन स्विच खाली करायचा, आणि मग तोच टेस्टर होल्डरच्या दोन्ही पिनांना लावून बघायचा.

तर तिथे अँगल होल्डर होता, भिंतीवर तिरका. बल्ब काढला आणि आधी बल्बचं बूड बघितलं. आपल्या खटक्याच्या बल्बच्या बुडाला झाळेचे दोन ठिपके असतात, होल्डरच्या पिना त्यांच्यावर टेकतात. चांगल्या जागेवरून काढलेल्या बल्बला त्या ठिपक्यांवर लहानसा चकचकीत खळगा दिसतो, पिन दाबून बसल्याचा. इथे एक ठिपका तसा होता. दुसरा मात्र काळा पडलेला, झाळ वितळून एका बाजूला ओघळलेली आणि मधोमध खड्डा. हे स्पार्किंगचं काम. दुसरं काही नाही.

मग होल्डरमध्ये बघितलं. दोन पिना, दोघींच्या मागे स्प्रिंग. लाकडी काडीने एकेक दाबली. एक टुणकन वर आली, दुसरी आत गेली ती आतच बसली. पितळ काळंनिळं झालेलं. स्प्रिंग तापली की तिचा जोर जातो, जोर गेला की पिन ढिली टेकते, ढिली टेकली की ठिणगी पडते, ठिणगीने अजून तापते. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही, नवा बल्ब लावला की त्याला पहिल्या दिवसापासून हेच सोसावं लागतं. त्यात अँगल होल्डरमध्ये बल्ब आडवा लोंबतो, त्याच्या वजनाने एका बाजूचं टेकणं आणखी सुटतं, आणि वरच गच्चीचं लोखंडी दार होतं, ते वाऱ्याने आपटलं की भिंत हादरायची. प्रत्येक हादऱ्याला कॉन्टॅक्ट सुटतो, लागतो, सुटतो, लागतो.

यात एलईडी का मरतो, हे जरा सांगू द्या, हा माझा आवडता भाग आहे. एलईडीच्या आत ड्रायव्हर असतो, म्हणजे त्याला लागेल तशी वीज करून देणारं सर्किट, त्यात एक कपॅसिटर, वीज साठवणारा. तो रिकामा असताना सप्लाय लागला की क्षणभर मोठा करंट ओढतो. तो करंट आवरायला सुरुवातीलाच एक छोटा रेझिस्टर लावलेला असतो, तोच फ्यूजचंही काम करतो. आपण दिवसातून दोनदा बटण दाबू तेवढं त्याला सहज झेपतं. पण ढिल्या होल्डरमध्ये तोच दणका त्याला पुन्हा पुन्हा बसतो, आपल्या डोळ्याला फार तर दिवा किंचित फडफडलेला दिसतो, आणि एक दिवस तो रेझिस्टर जळतो. त्या तिसऱ्या मजल्याच्या मेलेल्या बल्बचं टोपण काढून बघितलं तर आत सगळे एलईडी शाबूत, कपॅसिटर शाबूत, फक्त सुरुवातीचा रेझिस्टर काळा. आतल्या पिवळ्या चौकोनांपैकी एकावर काळा ठिपका दिसला असता किंवा कपॅसिटरचं डोकं फुगलेलं असतं तर मी उष्णतेकडे वळलो असतो. म्हणून सांगतो, गेलेला बल्ब लगेच कचऱ्यात टाकू नका, काय घडलं ते त्यातच दिसतं.

होल्डर उघडला तर मागे स्क्रूही ढिला. वायरचं कव्हर कडक होऊन तडकलेलं, तांबं काळं. वायर मागे कापत लाल चकचकीत तांबं लागेपर्यंत गेलो, तारा पिळून स्क्रूखाली घेतल्या, नवा होल्डर आडवा न लावता छताला सरळ खाली तोंड करून लावला. काम संपलं. तो बल्ब अजून चालू आहे आणि स्टॅबिलायझर आला नाही.

आता माझी तक्रार. होल्डर नवीन घ्यायला आपला जीव का जातो कळत नाही. चहा-वड्याच्या पैशात येतो. पण लोक काय करतात, पॉलिशपेपरने पिना घासतात, टोकदार काहीतरी घालून स्प्रिंग ओढतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे चॉकलेटचा चांदीचा कागद घडी करून पिनेवर ठेवतात. अहो, तो कागद सरकला आणि दोन्ही पिनांना लागला की सरळ शॉर्ट! जोर गेलेली स्प्रिंग घासून परत येत नाही. होल्डर काळा पडला की तो बदलायचा.

ढिली कॅपही यातच येते. होल्डरमध्ये चिकटलेला बल्ब आपण काचेला धरून पिळतो, काच आणि कॅप यांच्यातला सिमेंटचा जोड सुटतो, काच फिरते आणि आतल्या दोन तारा एकमेकींना पीळ घालतात. टेकल्या की भडका, तुटल्या की बल्ब गेला. तेव्हा नवा बल्ब लावायच्या आधी कॅप धरून काच हलकेच फिरवून बघा, जरा जरी फिरली तर तो बल्ब लावू नका. चिकटपट्टी गुंडाळून तर अजिबात नको.

कॉन्टॅक्ट ढिला आहे का हे खाली उभं राहूनही कळतं बरं का. जुना ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधे ठेवा आणि दिव्याजवळ न्या. एलईडीची स्वतःची एकसारखी घरघर येईल, ती सोडून द्या, पण मधेच तुटक चरचर येत असेल, दार आपटल्यावर वाढत असेल, तर ठिणगी पडतीये.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं आहेत म्हणतात, म्हणजे बोर्डावर लिहिलेला मुख्य विषय आता पळत पळत घ्यायचा.

उष्णता. बंद काचेच्या गोळ्यात एलईडी लावू नका. त्याचं तापणं कॅपच्या बाजूला असतं, ड्रायव्हरही तिथेच, आणि आतली गरम हवा बाहेर पडत नाही. ढोबळ हिशोब असा की दर १० अंशांना कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. गोळा काढून बघा, नाहीतर कमी वॅटचा बल्ब लावा.

आता व्होल्टेज. तारेच्या बल्बला ते खरंच मारतं, २३० च्या जागी सतत २४२ मिळाले, म्हणजे पाचच टक्के जास्त, तरी आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. पण मग अख्ख्या घरातले बल्ब लवकर जातील, आणि गेलेल्या बल्बची काच आतून काळसर दिसेल. आत पांढरी पूड दिसली तर तो व्होल्टेजचा दोष नव्हे, काचेला तडा जाऊन हवा शिरली. मोजायचं असेल तर मल्टिमीटर एसीवर ठेवून प्लगमध्ये मोजा, एकदा संध्याकाळी सातला आणि एकदा रात्री दोन-तीनला, कारण लोड उतरला की व्होल्टेज चढतं. ट्रान्सफॉर्मरजवळच्या घरांना हे जास्त जाणवतं. रात्री रोज २५० च्या आसपास दिसलं तर आकडे तारीख-वेळेसह लिहून वीज कंपनीकडे द्या, ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलून व्होल्टेज उतरवता येतं, ते त्यांचं काम आहे.

एक अपवाद राहिला. घरात थ्री फेज असेल तर एखाद्या खोलीचे दिवे बाकी घरापेक्षा वेगळ्या फेजवर असू शकतात, तिथे 'एकाच जागी उडतो' आणि तरी दोष व्होल्टेजचा, असं होतं. आणि बाथरूममधला गीझर लावल्याबरोबर भलत्याच खोलीतला दिवा एकदम प्रखर झाला तर ती मुख्य न्यूट्रल सुटत असल्याची खूण, मग त्या फेजवर व्होल्टेज ४०० कडे जाऊ शकतं आणि बल्बच काय फ्रिज, टीव्ही सगळं जाईल. तिथे मोजत बसायचं नाही, मेन खाली करायचा आणि १९१२ ला फोन लावायचा. ही न्यूट्रल पोलावर किंवा मीटरच्या आधी सुटलेली असली तर आपल्या वायरमननेही तिला हात लावायचा नाही.

विचारा आता काय विचारायचं ते, आणि कुणी गेलेला बल्ब बरोबर आणला असेल तर पुढे द्या, बूड बघूया.