नव्या वर्गातली पहिली हजेरी

मित्रहो, प्रसूती रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी तुमच्यापैकी काही जण लवकरच उभे राहणार आहात. ही रजा १८० दिवसांची असते, म्हणजे जवळजवळ अर्धं वर्ष ती मुलं तुमची असतील. म्हणून मी आज फक्त पहिल्या तासाबद्दल बोलणार आहे.

तुम्ही दारात पाऊल टाकलंत की मुलं उभी राहतील आणि सुरात नमस्ते म्हणतील. ती सवयीने म्हणतात. त्यांचे डोळे मात्र तुमच्या मागे कोणी येतंय का, ते शोधत असतात. बरेच जण इथे लगेच स्वतःचं नाव सांगतात, फळ्यावर लिहितात. माझं ऐकाल तर आधी बाईंबद्दल बोला. "तुमच्या बाई बाळासाठी रजेवर गेल्या आहेत. त्या परत येणार आहेत. तोवर मी तुम्हाला शिकवणार." लहान वर्गात एखादं मूल मनात धरून बसलेलं असतं की आपण गोंधळ घातला म्हणून बाई गेल्या. ते काही तोंडाने विचारणार नाही, म्हणून न विचारता सांगायचं. परतीची तारीख मात्र देऊ नका. रजा लांबली तर मुलं ती तारीख तुम्हाला ऐकवतील. "दिवाळीच्या सुट्टीनंतर बघू" एवढं पुरे.

मग हजेरी. इथे घाई नको. मी पाहिलेल्या एका तिसरीच्या वर्गात नव्या सरांनी कॅटलॉगमध्ये डोकं घालून भराभर नावं पुकारली. वैष्णवी हे नाव दोनदा घेतलं, उत्तर आलं नाही, त्यांनी गैरहजेरी मांडली. वैष्णवी दुसऱ्या रांगेत बसली होती! घरी आणि वर्गात सगळे तिला सोनी म्हणत, बाईही सोनीच म्हणत. अनोळखी माणसाच्या तोंडून आपलं कागदावरचं नाव ऐकून ती गप्प राहिली. पोषण आहारासाठी हजर मुलांची संख्या याच हजेरीवरून जाते, त्यामुळे दुपारी एक ताट कमी निघालं, तेव्हा कुठे हे कळलं.

म्हणून पहिल्या दिवशी कॅटलॉग मिटून ठेवा आणि रांगेने फिरा. प्रत्येकाजवळ थांबून विचारा, "तुला काय म्हणून हाक मारू?" ते नाव पेन्सिलीने टिपून घ्या, मग कॅटलॉगशी जुळवा. चाळीस मुलांना पंधरावीस मिनिटं लागतात, लागू द्या. कोणी चिडवायचं नाव सांगून हसवायला बघेल. शेजारचा खाली मान घालतो, त्यावरून ते ओळखता येतं. ते नाव लिहू नका. ज्याच्या घरी मराठी बोलत नाहीत ते मूल पुटपुटेल. त्याला "मोठ्याने बोल" म्हणू नका, तुम्हीच वाकून ऐका.

आणि "कुठवर शिकवलंय?" हे वर्गाला विचारू नका. "सगळं झालंय!" असंच उत्तर येतं. तिघाचौघांच्या वह्या मागून घ्या आणि शेवटचं लिहिलेलं पान बघा.