वाचनाची खूण कोठे राहते? : जपानी किंडल आणि ऑडिबलमधील ग्रंथालय, डाउनलोड व सिंक

(जपानी शिकणाऱ्या आणि जपानमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

जपानी कादंबरी किंवा मांगा विकत घेणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारी तीन प्रकारच्या असतात. घेतलेले पुस्तक दिसत नाही, दिसते पण उघडत नाही, किंवा उघडते पण भलत्याच पानावर उघडते. वरवर पाहता या तिन्ही ‘अ‍ॅप बिघडले’ अशाच वाटतात, परंतु त्या तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या आहेत. पुस्तकावरचा आपला हक्क खात्यात नोंदलेला असतो, पुस्तकाची फाइल फोनच्या मेमरीत असते आणि आपण कोठवर वाचले याची खूण सर्व्हरवर जाऊन तेथून दुसऱ्या उपकरणावर येते. बिघाड यांपैकी कोठे आहे हे ओळखता आले की उपाय बहुधा दोन मिनिटांचा असतो. आज मी अ‍ॅमेझॉनच्या जपानी दुकानातून घेतलेल्या किंडल पुस्तकांविषयी आणि ऑडिबलच्या जपानी सेवेविषयी बोलणार आहे, आणि त्यातही अधिक वेळ खुणेला देणार आहे, कारण लोक सर्वांत जास्त गोंधळतात ते तेथेच.

आधी हक्काविषयी थोडक्यात. किंडलचे जपानी दुकान २०१२ साली सुरू झाले. `amazon.co.jp` वरचे खाते हे इतर देशांच्या खात्यांपासून वेगळे ठेवलेले खाते आहे. भारतातून जपानला गेलेले अनेक जण दोन्हीकडे एकाच ईमेलने नोंदणी करतात, मात्र पासवर्ड निरनिराळे ठेवतात. अ‍ॅपमध्ये आपण कोणता पासवर्ड टाकतो त्यावर कोणते ग्रंथालय उघडणार हे ठरते. त्यामुळे कालच घेतलेली कादंबरी दिसत नसेल आणि तिच्या जागी जुनी इंग्रजी पुस्तके मात्र दिसत असतील, तर पैसे बुडाले असे समजू नये. आपण दुसऱ्या खात्यातून आत शिरलो आहोत, एवढाच त्याचा अर्थ. बाहेर पडून योग्य पासवर्डने पुन्हा प्रवेश करावा. बाहेर पडण्यापूर्वी एक काळजी अवश्य घ्यावी. साइन आउट केले की त्या उपकरणावर उतरवलेली सर्व पुस्तके पुसली जातात, त्यामुळे हा उद्योग विमानतळावर करू नये.

आता फाइलकडे वळू. `ライブラリ` या पानावर मुखपृष्ठ दिसणे म्हणजे पुस्तक फोनमध्ये असणे नव्हे. खरोखर जवळ काय आहे हे पाहायचे असेल तर `ダウンロード済み` ही गाळणी लावावी. मग उतरवून घेतलेली पुस्तके तेवढी शिल्लक राहतात. प्रवासाच्या आदल्या रात्री फोन विमान मोडवर टाकून ही यादी एकदा पाहावी आणि जे वाचायचे आहे ते पुस्तक प्रत्यक्ष उघडून दोन-चार पाने उलटावीत. अर्धवट उतरलेली फाइल तेव्हाच ओळखू येते. मांगा वाचणाऱ्यांना एक वेगळी अडचण येते. मालिकेचे सगळे खंड एकाच मुखपृष्ठाखाली गोळा केलेले असतात, त्यामुळे नवा खंड ग्रंथालयात आला तरी वरच्या यादीत तो स्वतंत्र दिसत नाही. मालिकेवर बोट ठेवून आत गेले की तो सापडतो.

जागा किती लागते याचा अंदाज असला म्हणजे डाउनलोडच्या सेटिंगचा निर्णय सोपा होतो. केवळ मजकूर असलेली कादंबरी काही एमबींत मावते. मांगाचे प्रत्येक पान चित्र असल्यामुळे एकच खंड पन्नासपासून शंभर-दीडशे एमबीपर्यंत जातो, म्हणून वीस खंडांची मालिका सहज दोन जीबी खाते. ऑडिओचा हिशेब तर सरळ गुणाकाराचा आहे. ध्वनी सेकंदाला ६४ किलोबिट या दराने साठवला असेल तर तासाला साधारण २९ एमबी होतात, म्हणजे दहा तासांच्या कादंबरीला २९० एमबी. दर दुप्पट केला की आकडाही दुप्पट होतो. जपानमध्ये महिन्याला ३ जीबीचा स्वस्त प्लॅन घेणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी अशी एक कादंबरी म्हणजे महिन्याच्या डेटाचा दहावा भाग, आणि तीच कादंबरी डाउनलोड न करता रोज गाडीत स्ट्रीम करून मागेपुढे ऐकली तर त्याहूनही अधिक. म्हणून डाउनलोड फक्त वायफायवर होऊ देणारे सेटिंग चालू ठेवावे आणि पुस्तक घरीच उतरवावे. निवेदकाचा आवाज ऐकायला साधा दर्जा पुरेसा असतो. उच्च दर्जा घेतल्याने उच्चार अधिक समजतात, हा माझ्या मते निव्वळ समज आहे.

मेमरी भरली की लोक घाईघाईने पुसायला लागतात, तेथे मात्र थांबून वाचावे. `端末から削除` म्हणजे फाइल केवळ या उपकरणावरून काढणे. हक्क आणि खूण दोन्ही सुरक्षित राहतात आणि पुस्तक पुन्हा कधीही उतरवता येते. ग्रंथालयातून कायमचे काढण्याचा पर्याय मात्र निराळा आहे. तो वापरल्यावर पुस्तक परत हवे असेल तर पुन्हा विकत घेण्याची वेळ येऊ शकते.

आता खूण. किंडलमध्ये खूण पानावर नसते, मजकुरातील स्थानावर असते. अक्षर मोठे केले की पानांची संख्या बदलते, पण स्थान तेच राहते. म्हणून फोनवर आणि टॅबलेटवर पाने वेगळी पडूनही वाक्य तेच सापडते. हे स्थान त्या एका आवृत्तीपुरतेच असते. एखाद्या जुन्या कादंबरीची मोफत आवृत्ती फोनवर आणि प्रकाशकाची विकतची आवृत्ती टॅबलेटवर वाचत असाल, तर नाव एकच असले तरी अ‍ॅपच्या दृष्टीने ती दोन पुस्तके आहेत आणि त्यांच्या खुणा कधीही जुळणार नाहीत.

यातला कळीचा मुद्दा असा की सिंक करताना किंडल आपण सर्वांत शेवटी कोठे होतो हे पाहत नाही, आपण सर्वांत पुढे कोठवर पोहोचलो होतो हे पाहते. इंग्रजी कादंबरी वाचताना हा भेद फारसा जाणवत नाही. जपानी पुस्तकात तो पदोपदी जाणवतो, कारण बुन्को, म्हणजे खिशात मावणाऱ्या छोट्या, आवृत्तीच्या अखेरीस बहुधा `解説` असते, म्हणजे समीक्षकाने किंवा दुसऱ्या लेखकाने लिहिलेले विवेचन, आणि ते आधी वाचण्याची सवय अनेक जपानी वाचकांना असते. (काही ई-आवृत्त्यांत ते मुळातच वगळलेले असते, हे पुस्तक घेण्यापूर्वी वर्णनात पाहून घ्यावे.)

एक उदाहरण घेऊ. एका कादंबरीत ३,४०० स्थाने आहेत आणि एक वाचक टॅबलेटवर स्थान ८२० पर्यंत, म्हणजे सुमारे चोवीस टक्के, आला आहे. कथानकाची पार्श्वभूमी कळावी म्हणून तो रात्री अनुक्रमणिकेतून ३,२९० वरचे विवेचन उघडतो, अर्धे वाचतो आणि तसेच पुस्तक बंद करतो. सकाळी गाडीत फोनवर तेच पुस्तक उघडल्यावर अ‍ॅप विचारते की दुसऱ्या उपकरणावर ३,२९० पर्यंत वाचले आहे, तेथे जायचे का. सवयीने होकार दिला की तो थेट शेवटी जातो. नकार देऊन फोनवर ९४० पर्यंत वाचले, तरी घरी टॅबलेटवर त्याला ९४० ची सूचना मिळत नाही, कारण अ‍ॅपच्या हिशेबी ३,२९० हेच सर्वांत पुढचे स्थान आहे. सिंक चालूच नाही असे त्याला वाटते. वस्तुतः ते चोख चालू आहे; चुकीच्या आकड्याला धरून चालू आहे, इतकेच.

यावरचा उपाय अ‍ॅपमध्ये नाही, ब्राउझरमध्ये आहे. `amazon.co.jp` वर प्रवेश करून खात्यातील `コンテンツと端末の管理` हे पान उघडावे, ते पुस्तक शोधावे आणि त्याच्या इतर पर्यायांतून सर्वांत पुढे वाचलेले स्थान पुसून टाकावे. मग ज्या उपकरणावर खरे स्थान आहे, म्हणजे येथे फोन, त्यावर पुस्तक उघडून पान उलटावे, पुस्तक बंद करून ग्रंथालयात परत यावे आणि `同期` चालवावे. त्यानंतरच टॅबलेट हातात घ्यावा. क्रम उलटला आणि विवेचनावर थांबलेला टॅबलेट आधी उघडला, तर ३,२९० पुन्हा वर जाईल आणि सगळे श्रम वाया जातील.

हाच घोळ उभ्या मजकुरामुळेही होतो. उजवीकडून डावीकडे वाचायच्या पुस्तकात पुढे जाण्यासाठी बोट डावीकडून उजवीकडे सरकवावे लागते आणि तळाची पट्टीही उजवीकडून सुरू होते. देवनागरी आणि रोमन वाचून मुरलेला हात ‘जरा मागे जावे’ म्हणून पट्टी डावीकडे ओढतो आणि पुस्तकाच्या शेवटाशी पोहोचतो. ऐतिहासिक कादंबऱ्यांतील टिपा पुस्तकाच्या अखेरीस असतात, तेथेही तीच गत. टीप पाहून झाल्यावर परत येण्याचे बटण वापरावे आणि तेथेच पुस्तक बंद करू नये.

खूण वर जाण्यासाठी दोन गोष्टी लागतात : नेट आणि पुस्तक नीट बंद होणे. नुकत्याच उघडलेल्या अ‍ॅपांच्या यादीतून अ‍ॅपे झटकून टाकण्याची सवय असलेल्यांची खूण अनेकदा फोनमध्येच अडकून पडते. एका खात्यावर पतिपत्नी दोघेही तेच पुस्तक वाचत असतील तर व्हिस्परसिंक हे उपकरणांमधील खुणा जुळवणारे खात्याचे सेटिंग बंद ठेवणेच श्रेयस्कर, नाही तर पुढे गेलेला जण मागच्याला सतत ओढत राहतो. मात्र हे सेटिंग संपूर्ण खात्याला लागू होते, एका पुस्तकाला नव्हे.

ऑडिबलमध्ये खूण वेळेची असते आणि ती पुस्तकाच्या वेळेत मोजली जाते. दीडपट वेगाने चाळीस मिनिटे ऐकले तर खूण साठ मिनिटे पुढे जाते, म्हणून घड्याळाशी ताडून पाहू नये. येथे विवेचनाची जागा झोप घेते. रात्री ऐकता ऐकता डोळा लागला की पुस्तक चार तास पुढे जाते आणि सकाळी दुसऱ्या उपकरणावर त्या पुढच्या वेळेवर जाण्याविषयी विचारणा होते. स्लीप टायमर प्रकरणाच्या शेवटावर लावला तर नुकसान एका प्रकरणापुरते राहते आणि शोधायचे कोठे हेही ठाऊक असते. किंडलवर वाचलेल्या कादंबरीचे ध्वनिपुस्तक ऐकताना दोन्ही खुणा आपोआप जुळतील असे गृहीत धरू नये. प्रकरणाचा क्रमांक लक्षात ठेवणे हाच भरवशाचा मार्ग.

शेवटी सभासदत्वाविषयी, कारण त्याचा डाउनलोडशी थेट संबंध आहे. ऑडिबलच्या जपानी सेवेने जानेवारी २०२२ मध्ये महिन्याला एका पुस्तकाच्या बदल्यात वापरायचे एक नाणे देण्याची पद्धत सोडून `聴き放題`, म्हणजे हवे तेवढे ऐका, ही पद्धत स्वीकारली. पूर्वी नाण्याने किंवा पैसे देऊन घेतलेली पुस्तके सभासदत्व सोडल्यावरही आपलीच राहतात. `聴き放題` मधून उतरवलेली पुस्तके मात्र बंद होतात, जरी त्यांच्या फाइली फोनमध्ये तशाच पडून असल्या तरी. अशा फाइली पुसून जागा मोकळी करायला हरकत नाही. किंडल अनलिमिटेड या सभासदत्वावर वाचायला घेतलेले पुस्तकही परत केले की उघडत नाही. परंतु त्यात अधोरेखित केलेल्या ओळी आणि टिपणे खात्यात जपली जातात आणि तेच पुस्तक पुढे पुन्हा घेतले किंवा विकत घेतले, की ती जागच्या जागी परत येतात.