शून्यता म्हणजे काहीच नाही का? चोविसाव्या प्रकरणातला वाद

नमस्कार मंडळी. आज जरा अवघड विषय घेतोय, पण सावकाश जाऊया. बौद्ध अध्ययनाचा एम.ए.चा अभ्यास करणारी काही मुलं हा कार्यक्रम ऐकतात, त्यांनी विचारलं होतं की माध्यमिकांची, म्हणजे नागार्जुनांच्या परंपरेतल्या बौद्ध तत्त्वज्ञांची, शून्यता नेमकी समजून घ्यायची तर सुरुवात कुठून करायची. माझं उत्तर असं की नागार्जुनांच्या मूलमध्यमककारिकेचं चोविसावं प्रकरण उघडा, आर्यसत्यपरीक्षा नाव आहे त्याचं, चाळीस कारिका, म्हणजे श्लोक, आहेत. सगळे लोक पहिल्या प्रकरणापासून वाचायला घेतात आणि वस्तू कशातून उत्पन्न होते यावरच्या 'स्वतः नाही, परतः नाही, दोन्हींतून नाही, अहेतुकही नाही' इथंच अडकून बसतात. चोविसाव्यात मात्र समोरचा माणूस नागार्जुनांवर सरळ आरोपच ठेवतो, आणि आरोप ऐकला की उत्तर कशाला दिलंय ते कळतं.

तर आरोप काय. पहिलीच कारिका आहे,

यदि शून्यमिदं सर्वमुदयो नास्ति न व्ययः।
चतुर्णामार्यसत्यानामभावस्ते प्रसज्यते॥

म्हणजे, अहो, तुम्ही म्हणता हे सगळं शून्य आहे, मग काही उत्पन्न होणं नाही नि नष्ट होणं नाही, मग दुःख नाही, दुःखाचं कारण नाही, निरोध नाही, मार्ग नाही, चारही आर्यसत्यं गेली. आणि हा माणूस तिथं थांबत नाही, पुढच्या पाच कारिकांत तो हिशोब वाढवत नेतो, की सत्यं गेली तर स्रोतापत्तीपासूनची, म्हणजे साधनेच्या पहिल्या टप्प्यापासूनची फळं गेली, फळं गेली तर ती मिळवणारा संघ गेला, सत्यं नाहीत म्हणून सद्धर्म गेला, आणि धर्म नाही, संघ नाही तर बुद्ध तरी कुठून, तीन रत्नं गेली. शेवटी तर म्हणतो, लोकांचा रोजचा व्यवहारसुद्धा गेला. एक लक्षात घ्या, हा बोलणारा कुणी परका नाही, बौद्धच आहे, त्याला धर्माची खरीच काळजी वाटतेय, म्हणून त्याचा प्रश्न हलका समजू नका. मी स्वतः पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्याचंच म्हणणं पटलं होतं, दोन दिवस पुढं वाचवलं नाही.

आता नागार्जुन सातव्या कारिकेत पहिलं वाक्य काय म्हणतात, तर तुला शून्यतेचं प्रयोजन कळलं नाही, शून्यता कळली नाही आणि शून्यतेचा अर्थही कळला नाही, म्हणून तू असा त्रासलायस. गडबड झालीय ती एका शब्दात. आरोप करणारा 'शून्य' ऐकतो आणि 'नाही' असं समजतो. नागार्जुन मात्र शून्य म्हणतात तेव्हा कशापासून शून्य, तर स्वभावापासून. घागर पाण्यापासून रिकामी असते तेव्हा घागर नसते असं आपण म्हणत नाही ना, तसं.

मग स्वभाव म्हणजे काय ते आधी पक्कं करायला हवं, कारण मराठीत 'तिचा स्वभाव तापट आहे' असं आपण म्हणतो तो हा स्वभाव नव्हे. पंधराव्या प्रकरणाच्या दुसऱ्या कारिकेत लक्षण दिलंय, 'अकृत्रिमः स्वभावो हि निरपेक्षः परत्र च', म्हणजे जो केलेला नाही, कुणी घडवलेला नाही, आणि ज्याला दुसऱ्या कशाची गरज नाही. दोनच अटी, पण फार कडक आहेत. वस्तूचा स्वभाव असेल तर ती वस्तू स्वतःच्या बळावर तशी आहे, कारणांमुळे नाही, भागांमुळे नाही, कुणी नाव दिलं म्हणून नाही. आणि अशी वस्तू बदलणार कशी, कारण बदलायला काहीतरी बाहेरून लागतं आणि तिला तर बाहेरच्या कशाची गरजच नाही.

इथं तेराव्या प्रकरणातला दूध-दह्याचा दाखला घेऊ, तो स्वयंपाकघरात करून बघण्यासारखा आहे. रात्री आपण कोमट दुधाला विरजण लावतो, सकाळी दही. आता विचारा, दही कोण झालं? दूध झालं म्हणाल, तर जे दूध आहे ते दूधपणातच पक्कं असेल, तर दूध असतानाच ते दही असायला पाहिजे, म्हणजे विरजणाची गरजच नाही, आणि चहात दही घातल्यासारखं होईल. बरं, दूध नाही, दुधाहून वेगळं काहीतरी दही झालं म्हणाल, तर दुधाहून वेगळं म्हणजे पाणीही आलं, तेलही आलं, त्याचं दही लागत नाही. दोन्हीकडून अडलं. पण सकाळी दही तर लागलेलं आहे! ते डोळ्यांसमोर आहे, कुणी नाकारत नाही. मग अडलं ते काय? आपण दुधाला दिलेला तो पक्का, निरपेक्ष दूधपणा अडला. दूध, ऊब, विरजण, वेळ एवढ्यांवर अवलंबून दही होतं, त्यात कुठेच स्वतःच्या बळावरचं दूधपण किंवा दहीपण सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणूनच दही लागतं. मला वाटतं सगळ्या माध्यमिक विचारातली कळीची जागा हीच आहे, म्हणून इथं घाई करू नका.

आता परत चोविसाव्याकडे चला. चौदाव्या कारिकेत नागार्जुन बाजू उलटवतात. ज्याला शून्यता जुळते त्याला सगळं जुळतं, ज्याला शून्य जुळत नाही त्याला काहीच जुळत नाही. आणि लगेच पुढं म्हणतात, तू स्वतःचे दोष आमच्यावर टाकतोयस, घोड्यावर बसूनच घोडा विसरलायस. आपण म्हणतो ना काखेत कळसा आणि गावाला वळसा, तेच. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' मध्ये, जो 1957 साली प्रसिद्ध झाला, शून्यतेबद्दल थोडंच लिहिलंय, पण त्यात नेमका हाच मुद्दा आहे, की शून्यवाद म्हणजे सरसकट नकार नव्हे आणि शून्यता आहे म्हणूनच सगळं शक्य होतं. आपल्याकडे धम्म वाचणाऱ्यांनी ते पान आणि ही चौदावी कारिका शेजारी ठेवून वाचावी असं मला मनापासून वाटतं.

नुसती बाजू उलटवून भागत नाही, ते सिद्ध करायला लागतं, आणि एकविसाव्या कारिकेपासून ते सिद्ध केलंय. आरोप करणाऱ्याची सगळी यादी घेतात आणि त्याच्याच स्वभावाच्या कल्पनेवर तपासतात. दुःख घ्या. दुःख स्वभावाने असेल तर ते कशावर अवलंबून नाही, मग ते अनित्य नाही, आणि बुद्धांनी तर अनित्य तेच दुःख सांगितलं. स्वभावाने आधीच असलेलं दुःख पुन्हा उत्पन्न कशाला होईल, म्हणजे समुदय गेला. स्वभावाने असलेलं संपत नाही, म्हणजे निरोध गेला. मार्ग स्वभावाने असेल तर त्याची भावना, म्हणजे सराव करत पुढं जाणं, होऊच शकत नाही, कारण भावना म्हणजे बदल. आणि बत्तिसावी कारिका तर मला फार महत्त्वाची वाटते, जो स्वभावानेच अबुद्ध आहे तो बोधिसत्त्वचर्येत कितीही झटला तरी त्याला बोधी मिळणार नाही. म्हणजे माणूस बदलू शकतो हे धरायचं असेल तर तो शून्य आहे हे धरावंच लागतं. चारही सत्यं गेली खरी, पण ती शून्यतेने नाही, स्वभावाने गेली.

आता अठरावी कारिका, जिच्यावर भारतात, चीनमध्ये, तिबेटात शेकडो वर्षं भाष्यं होत आली,

यः प्रतीत्यसमुत्पादः शून्यतां तां प्रचक्ष्महे।
सा प्रज्ञप्तिरुपादाय प्रतिपत्सैव मध्यमा॥

पहिली ओळ सोपी, जो प्रतीत्यसमुत्पाद त्यालाच आम्ही शून्यता म्हणतो. दुधाच्या उदाहरणानंतर हे वेगळं समजवायला नको, अवलंबून होणं आणि स्वभाव नसणं ही एकाच गोष्टीची दोन नावं झाली. खरा अभ्यास दुसऱ्या ओळीतल्या 'सा' वर आहे. 'सा' स्त्रीलिंगी आहे, म्हणजे ती शून्यताच. नागार्जुनांचे भाष्यकार चंद्रकीर्ती आपल्या प्रसन्नपदा या टीकेत तसंच घेतात, की ही स्वभावशून्यताच उपादाय प्रज्ञप्ती आहे, आणि दाखला देतात रथाचा, चाकं वगैरे अंगांवर आधारून 'रथ' असं नाव ठेवलं जातं. आता याचा परिणाम बघा. शून्यता हीसुद्धा कशावर तरी आधारून ठेवलेलं नाव असेल, तर शून्यताही शून्य आहे. वस्तूंच्या मागे दडलेलं, सगळ्यांना आधार देणारं एक मोठं शून्य असं काही नाही. परीक्षेच्या उत्तरांत मुलं सर्रास लिहितात, 'जग खोटं, शून्यता हेच अंतिम सत्य', आणि तिथं शून्यतेचं ब्रह्म करून टाकतात. हे चुकतंय कसं ओळखायचं? आपलं वाक्य तपासा, त्यात शून्यता दूध, दही, रथ यांच्याशिवाय एकटी उभी राहतेय का? राहत असेल तर तिला स्वभाव दिलात. दह्याची शून्यता दह्यावर अवलंबून आहे, दही नाही तर तिचा पत्ता नाही.

आणि 'मध्यमा प्रतिपत्', मधला मार्ग, म्हणजे आहे आणि नाही यांच्यात थोडं इकडचं थोडं तिकडचं असंही नव्हे. पंधराव्या प्रकरणात ते म्हणतात, 'आहे' हा शाश्वताचा ग्रह, म्हणजे सगळं कायमचं आहे ही पकड, 'नाही' ही उच्छेदाची, म्हणजे सगळं पार संपतं अशी दृष्टी. या दोन्हींच्या पोटात एकच गृहीत आहे, की असणं म्हणजे स्वभावाने असणं. एकजण म्हणतो तसं आहे, दुसरा म्हणतो तसं नाही म्हणजे काहीच नाही. ते गृहीत काढलं की दोघंही उरत नाहीत. तिथंच नागार्जुन कात्यायनाला केलेल्या उपदेशाची आठवण देतात, पाली संयुत्तनिकायात कच्चानगोत्त सुत्त म्हणून तो आजही वाचता येतो. म्हणजे मधला मार्ग त्यांनी नवीन काढलेला नाही, बुद्धवचनातलाच आहे, हे ते दाखवून देतात.

यात धोकाही आहे आणि तो त्यांनीच सांगितलाय, अकराव्या कारिकेत, की चुकीची पकडलेली शून्यता मंदबुद्धीचा नाश करते, चुकीच्या जागी धरलेल्या सापासारखी. साप शेपटीकडून धरला की उलटून चावतो. तेराव्या प्रकरणात तर आणखी कडक बोलतात, शून्यता ही सगळ्या दृष्टींतून सुटण्यासाठी सांगितली, पण जे शून्यतेचीच दृष्टी करून बसतात ते असाध्य. तिथं चंद्रकीर्ती एक दाखला देतात. दुकानदार म्हणतो, तुला द्यायला माझ्याकडं काहीच माल नाही. गिऱ्हाईक म्हणतं, बरं, मग तो 'काहीच नाही' नावाचा माल द्या. आता या गिऱ्हाइकाला दुकानदाराने समजवायचं कसं? नाही म्हटलेलंही तो वस्तू म्हणून हातात घ्यायला बघतोय. माध्यमिकांचं 'नाही' हे नुसतं नाकारणारं आहे, शास्त्रात त्याला प्रसज्यप्रतिषेध म्हणतात, ते नाकारून त्या जागी दुसरं काही ठेवत नाही.

आता शेवटची, चाळिसावी कारिका वाचतो आणि थांबतो. सुरुवातीला त्या माणसाची तक्रार होती की तुमच्यामुळे चार सत्यं गेली, आणि प्रकरण संपताना नागार्जुन म्हणतात, जो हा प्रतीत्यसमुत्पाद पाहतो तो हेच पाहतो, दुःख, समुदय, निरोध आणि मार्ग.