कंपनीची तारीख आणि ग्राहकाची तारीख

नमस्कार, श्रोते हो. सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी वाढली की ग्राहकांना जी सूचना पाठवली जाते, ती नव्याने लिहिताना काय पाहावे लागते, हे आज सांगणार आहे. अशा सूचना लिहिणे हा माझा व्यवसाय आहे, आणि त्यातला एक प्रसंग सांगितल्याशिवाय मला हा विषय सांगताच येत नाही.

दुकानदारांसाठी बिले आणि हिशेब करणारे सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीने ग्राहकांना पुढील सूचना पाठवली होती : “आपणांस कळविण्यास आनंद होतो की, दिनांक १ ऑगस्टपासून आमच्या वार्षिक योजनेचे सुधारित दर लागू होत असून त्यांत २० टक्के वाढ करण्यात आली आहे.” दरवाढ कळवताना आनंद कोणाला होतो, हे मला आजवर उमगलेले नाही, पण ते असो.

मिरजेतल्या हार्डवेअरच्या दुकानाचे मालक असलेल्या एका काकांनी ही सूचना मन लावून वाचली. सहा हजारांची योजना, त्यावर २० टक्के वाढ, म्हणजे ७,२०० रुपये, असा हिशेब करून त्यांनी तेवढे पैसे १ ऑगस्टसाठी खात्यात ठेवले. त्या दिवशी पैसे वजा झाले नाहीत. दोन दिवस वाट पाहून काकांनी ती रक्कम सिमेंटच्या व्यापाऱ्याला देऊन टाकली. पुढे त्यांनी मला फोनवर सांगितले, “बाई, पहिल्या तारखेला पैसे गेले नाहीत, म्हणून आम्ही समजलो की जुन्या गिऱ्हाइकांना वाढ नाही.”

काकांच्या योजनेची मुदत संपत होती १३ ऑगस्टला. १४ तारखेला कंपनीने पैसे मागितले, आणि तेही ७,२०० नव्हेत, तर १८ टक्के जीएसटी धरून ८,४९६ रुपये. खात्यात तेवढे पैसे नव्हते. पण असते तरीही ते गेले नसते, कारण आपोआप पैसे वजा करण्याची जी परवानगी काकांनी बँकेला दिली होती, तिची कमाल मर्यादा ८,००० रुपये होती. १५ ऑगस्टला कंपनीचे कार्यालय बंद. १६ तारखेला काकांनी दुकान उघडले तेव्हा जुनी बिले दिसत होती, पण नवे बिल काही केल्या होत नव्हते, आणि समोर पत्रे घ्यायला आलेला गवंडी ताटकळत उभा होता.

आता पाहा, त्या सूचनेत एकही वाक्य खोटे नव्हते. मात्र १ ऑगस्ट ही कंपनीची तारीख होती, काकांची तारीख होती १४ ऑगस्ट. कंपनीने टक्के सांगितले, काकांना हवे होते रुपये. पुन्हा सांगते : तारीख त्या ग्राहकाच्या नूतनीकरणाची, आणि रक्कम त्याच्या खात्यातून प्रत्यक्ष जाणारी, करासकट.

मग आम्ही ती सूचना अशी लिहिली : “तुमच्या वार्षिक योजनेचे नूतनीकरण १४ ऑगस्ट रोजी होईल. त्या दिवशी तुमच्या खात्यातून जीएसटीसह ८,४९६ रुपये वजा होतील. गेल्या वर्षी तुम्ही ७,०८० रुपये भरले होते. १३ ऑगस्टपर्यंत तुम्हांला काहीही जादा भरायचे नाही. तुम्ही बँकेला दिलेली परवानगी ८,००० रुपयांपर्यंतची आहे, म्हणून नव्या रकमेसाठी ती पुन्हा द्यावी लागेल. योजना पुढे नको असल्यास १२ ऑगस्टपर्यंत ती आमच्याकडील तुमच्या खात्यातून बंद करा.” आणि ईमेलच्या विषयात ‘महत्त्वाची सूचना’ असे न लिहिता तीच तारीख आणि तीच रक्कम लिहिली. (महत्त्वाचे काय ते आधीच सांगितले, तर ‘महत्त्वाचे’ हा शब्द लागतच नाही.)

अशी सूचना सर्वांना एकच पाठवता येत नाही, कारण तारीख प्रत्येकाची निराळी असते, आणि वर्षाच्या मध्यात दुसरा संगणक जोडलेल्याची रक्कमही निराळी असते. म्हणून दोन्ही आकडे कंपनीकडे असलेल्या ग्राहकाच्या नोंदीतून उचलावे लागतात, आणि ज्याच्या नोंदीत यांपैकी एकही जागा रिकामी असेल, त्याची सूचना थांबवून ती नोंद आधी दुरुस्त करावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम आपोआप वजा होण्याच्या किमान २४ तास आधी बँकेकडून संदेश येतोच, तेव्हा वेगळे कशाला कळवायचे, असे कंपनीतल्या एकाने विचारले होते. पण एका दिवसात काकांनी पैसे कुठून उभे करावेत, आणि दुसरे सॉफ्टवेअर घ्यायचे ठरवले तर वर्षाचा हिशेब तिकडे कधी न्यावा? आम्ही ती सूचना नूतनीकरणाच्या ४५ दिवस आधी आणि पुन्हा ७ दिवस आधी पाठवायचे ठरवले, दोन्ही वेळा तीच तारीख आणि तीच रक्कम घालून.

पुढच्या वर्षी काकांचा फोन आला तो फक्त एवढे विचारायला, की ८,४९६ मधले जीएसटीचे १,२९६ रुपये बिलावर वेगळे दाखवलेले असतील ना. तेव्हापासून तो आकडाही आम्ही सूचनेत लिहितो. नमस्कार.