मिक्सरच्या माहितीपुस्तिकेतलं यांत्रिक मराठी कसं दुरुस्त करावं

मिक्सर जास्त तापून बंद पडला तर काय करायचं, हे सांगणारं यांत्रिक अनुवादातलं एक वाक्य घेऊ : ‘ओव्हरलोड स्विच दाबा मिक्सर अनप्लग केल्यानंतर आणि मोटर थंड होण्यास अनुमती दिल्यानंतर.’

पुस्तिका वाचणाऱ्याचा एक हात यंत्रावर असतो. ‘दाबा’ वाचलं की तो दाबतो. प्लग काढायची सूचना त्याला नंतर भेटते. म्हणून नुसतं क्रियापद शेवटी नेऊन भागत नाही. कृती ज्या क्रमाने घडतात त्याच क्रमाने वाक्यं तोडायची : ‘प्लग काढा. मोटर थंड होऊ द्या. मग ओव्हरलोड स्विच दाबा.’ अट असेल तर ती आधी, कृती नंतर. ‘झाकण उघडू नका जोपर्यंत मोटर थांबत नाही’ याचं ‘मोटर पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडू नका’ असं करायचं. मात्र मुळात नसलेली पायरी स्वतःहून घालू नये. स्विच तळाशी असेल, तर मिक्सर उलटा करण्याआधी भांडं काढायला हवं हे आपल्याला सुचतं. पण ते अनुवादाचं काम देणाऱ्या ग्राहकाला विचारून, त्याचा होकार आल्यावरच लिहायचं.

आता शब्दांकडे येऊ. एकाच वस्तूला पान दोनवर ‘जार’, पाचवर ‘बरणी’ आणि नऊवर ‘भांडे’ म्हटलेलं सापडतं. वाक्यं सुटी सुटी अनुवादित होतात तेव्हा मागे कोणता शब्द वापरला याचा धागा राहत नाही. वाचणाऱ्याला मात्र या तीन वेगळ्या वस्तू वाटतात. म्हणून वाक्यांना हात लावण्याआधी आकृतीतल्या भागांची यादी करा, प्रत्येकाला एकच शब्द ठरवा आणि यादी ग्राहकाकडून मंजूर करून घ्या. ‘बंद करा’ आणि ‘प्लग काढा’ या क्रियाही त्या यादीत हव्यात. दोन्हींसाठी ‘बंद करा’ लिहिलं, तर पात्याला हात लावताना प्लग बोर्डातच राहतो.

यादी आधी करण्याचं आणखी एक कारण म्हणजे मराठीतलं लिंग आणि सामान्यरूप. ‘बरणी’च्या जागी ‘भांडे’ आलं, की ‘रिकामी बरणी फिरवू नका’ याचं ‘रिकामे भांडे’ होतं, ‘बसली आहे’चं ‘बसले आहे’ होतं आणि ‘बरणीत’चं ‘भांड्यात’. सगळीकडे एकदम बदलण्याची आज्ञा दिली, तर ‘रिकामी भांडे’ आणि ‘भांडेत’ छापून येतं. त्यापेक्षा शब्दाचा न बदलणारा भाग शोधा, म्हणजे ‘बरण’ किंवा ‘भांड’, आणि एकेक जागा पाहून बदला. ‘पाते’साठी ‘पात’ शोधलं तर ‘पातळी’ आणि ‘पातळ’ही सापडतील, तिथे पुढे जा.

शेवटचं वाचन मूळ मजकूर बाजूला ठेवून, फक्त मराठी पान आणि खरा मिक्सर समोर घेऊन करा. जिथे हात थांबतो किंवा वाक्य मागे जाऊन पुन्हा वाचावं लागतं, तिथे खूण करा. आकृतीतली नावंही त्याच वेळी तपासा; ती बहुधा वेगळ्या फाइलमध्ये असतात आणि मजकुरात बदललेला शब्द तिथे जुनाच राहून जातो.